कुणाचीही नसलेली भीती

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’चा पहिला अंक सुरू होतो तो पाठलागाने. दुष्यंत रथात उभा आहे, धनुष्य सज्ज आहे आणि पुढे एक हरीण जीव घेऊन पळतंय. सारथ्याशी बोलता बोलता राजा त्या हरणाचं वर्णन करतो. ते सारखं मान वळवून मागच्या रथाकडे बघतंय. बाण लागेल या धास्तीने त्याने अंगाचा मागचा भाग पुढे ओढून घेतलाय. धाप लागून तोंड उघडं पडलंय आणि अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडत चाललंय. उड्या तर अशा, की त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं.

रंगमंचावर यातलं काहीही नसतं. हरीण नसतं, रथ नसतो, घोडेही नसतात. रथाच्या वेगाचा अभिनय नटाने करायचा, असं खुद्द नाटकातल्या रंगसूचनेतच सांगितलं आहे. तरीही हा श्लोक नीट म्हटला गेला तर ऐकणाऱ्याच्या अंगावर भीतीची एक लहर उठते. ही भीती नेमकी कुणाची? राजाची नव्हे, तो तर शिकारी. नटाची नव्हे, त्याला पुढचं वाक्य आठवायचं असतं. प्रेक्षकाची म्हणावी, तर तो खुर्चीत निवांत बसलाय आणि त्याच्यामागे कुणी धनुष्य घेऊन लागलेलं नाही. हरणाची म्हणावी, तर हरीणच तिथे नाही.

हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने रसाची उकल करताना नेमका हाच श्लोक उदाहरणाला घेतला. शैव तत्त्वज्ञ म्हणून तो मोठाच. त्याने आपल्या काही ग्रंथांवर लेखनाचं वर्ष नोंदवून ठेवलंय, त्यावरून दहाव्या शतकाची अखेर आणि अकराव्याची सुरुवात हा त्याचा काळ ठरतो. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्याने ‘अभिनवभारती’ नावाची टीका लिहिली. तिच्यात त्याने दिलेलं उत्तर थोडक्यात असं: ही भीती कुणाचीच नाही, आणि ती कुणाचीच नाही म्हणूनच तिची चव घेता येते.

हे उत्तर ऐकायला चमत्कारिक वाटतं. ते त्याला सहज सुचलंही नव्हतं. त्याच्याआधी निदान तीन मोठ्या पंडितांनी या प्रश्नावर डोकं खपवलं होतं आणि प्रत्येकाचं उत्तर पुढच्याने मोडून काढलं होतं.

भरताचा काळ ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागे दोनेक शतकांचा मानतात. त्याच्या नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय रसांचा आणि सातवा भावांचा. तिथे भरताने रसाची व्याख्या एका छोट्या सूत्रात आटोपली. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव एकत्र आले की रस निष्पन्न होतो, इतकंच. शब्द जड वाटतात, पण मराठी नाटक पाहणाऱ्याला यातली एकही गोष्ट अनोळखी नाही.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू घ्या. दारूपायी वाहवत गेलेला सुधाकर, उपाशी बाळ, उतरलेलं घर ही तिच्या दुःखाची कारणं आणि परिस्थिती, म्हणजे विभाव. तिचा दाटलेला आवाज, डोळ्यांतलं पाणी, दळताना थबकणारा हात हे त्या दुःखाचे बाहेर दिसणारे परिणाम, म्हणजे अनुभाव. अधूनमधून डोकावणारी आशा, लाज, काळजी, थकवा या येणाऱ्या-जाणाऱ्या लहरी म्हणजे व्यभिचारी भाव. भरताने असे तेहतीस भाव मोजलेत. आणि या सगळ्यांच्या तळाशी टिकून असतो तो शोक, म्हणजे स्थायी भाव. भरताने स्थायी भाव आठ सांगितले आणि रसही आठच. शोकातून करुण, भयातून भयानक, रतीतून शृंगार अशा त्यांच्या जोड्या. नववा शांत रस अभिनवगुप्ताने हिरिरीने मांडला.

रस म्हणजे काय हे समजावताना भरत स्वयंपाकघरात शिरतो. नाना मसाले, पालेभाज्या, गूळ एकत्र शिजले की त्यांतल्या एकाचीही नव्हे अशी एक चव तयार होते आणि जेवणारा ती मनापासून चाखतो. प्रेक्षकही तसाच अभिनयाने खुलवलेले भाव चाखतो. दाखला सुरेख आहे. पण त्याने एक प्रश्न मागे ठेवला. शोक असतो सिंधूच्या मनात आणि चव घेणारा बसलाय समोरच्या रांगेत. मग तिथला शोक इथे पोचतो कसा? आणि पोचलाच, तर तो गोड कसा लागतो?

भट्ट लोल्लटाने सरळ उत्तर दिलं. भाव असतो मूळ पात्राच्या, म्हणजे रामाच्या किंवा दुष्यंताच्या मनात. विभावादींनी तो पुष्ट झाला की त्यालाच रस म्हणायचं. नट त्या पात्राशी एकरूप झालेला असल्यामुळे तो नटातही दिसतो. या उत्तरात प्रेक्षकाला जागाच नाही. राम होऊन गेला, नट घरी जाणार, मग तिकीट काढून आलेल्याच्या हाती काय लागलं?

पुढे आला श्रीशंकुक. त्याच्या मते नट रामाच्या भावाचं अनुकरण करतो आणि प्रेक्षक ते पाहून भावाचं अनुमान करतो. मग नट राम नाही हे ठाऊक असताना प्रेक्षक फसतो का? नाही, असं शंकुक म्हणतो, आणि इथे त्याने फार बारीक निरीक्षण नोंदवलंय. चित्रातला घोडा पाहून आपण म्हणतो, “हा घोडा.” तो खरा घोडा आहे असं आपल्याला वाटत नसतं. तो घोडा नाही असंही त्या क्षणी मनात नसतं. घोडा आहे की नाही असा संशय नसतो, आणि हे घोड्यासारखं काहीतरी आहे असा तुलनेचा विचारही नसतो. रंगमंचावरच्या नटाला “हा राम” म्हणताना आपण याच पाचव्या मनःस्थितीत असतो. नाटक पाहताना आपण विश्वास ठेवतो की ठेवत नाही, या वादाला शंकुकाने असं बगल देऊन टाकलं.

पण त्याचा अनुकरणाचा मुद्दा अभिनवगुप्ताच्या गुरूंना, भट्ट तौतांना, मुळीच पटला नाही. ते विचारतात, नक्कल झाली हे कळायला अस्सल पाहिलेलं असावं लागतं. रामाला रडताना पाहिलंय कुणी? शिवाय मुकुट आणि वस्त्रं ही जड वस्तू, डोळ्यांना दिसणारी. मनातली प्रीती किंवा शोक डोळ्यांना दिसतच नाही. मग जडाने मनाची नक्कल व्हायची कशी? आणि अनुमानात चव कुठली? धूर पाहून डोंगरावर आग आहे हे कळतं, म्हणून कुणाला ऊब मिळत नाही.

कोंडी फोडली ती भट्ट नायकाने. त्याचा ‘हृदयदर्पण’ हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. लोल्लट आणि शंकुक यांच्या टीकाही हरवल्या. अभिनवगुप्ताने खोडून काढण्यासाठी त्यांची मतं उद्धृत केली म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली. खुद्द ‘अभिनवभारती’ची कथाही फारशी वेगळी नाही. केरळात सापडलेल्या अशुद्ध हस्तलिखितांवरून मानवल्ली रामकृष्ण कवींनी तिचा पहिला खंड १९२६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापला. पाठ इतके बिघडलेले होते, की अभिनवगुप्त स्वतः स्वर्गातून उतरला तरी त्याला आपलं मूळ लिखाण सहजी जुळवता येणार नाही, अशा अर्थाचं कवींनी नोंदवून ठेवलंय. मराठी वाचकांसाठी सहाव्या आणि सातव्या अध्यायांवरचा हा सगळा भाग र. पं. कंगले यांनी ‘रसभावविचार’ या १९७३ च्या ग्रंथात अनुवादासह आणला. सोपं वाचन नव्हे, पण वादाची खरी लज्जत तिथेच आहे.

भट्ट नायकाचा युक्तिवाद धारदार आहे. समजा, प्रेक्षकाला रंगमंचावरचा शोक स्वतःचाच वाटला. मग करुण नाटकाला माणूस एकदाच जाईल. स्वतःचं दुःख विकत घ्यायला दुसऱ्यांदा कोण येईल? शृंगारात तर आणखी अडचण. सीता ही प्रेक्षकाची प्रेयसी नव्हे, ती पूजनीय. तिच्याबद्दल त्याच्या मनात रतिभाव जागणार कसा? हनुमंताने समुद्र ओलांडला, तो पराक्रम स्वतःचा मानणंही सामान्य माणसाला जमणार नाही. बरं, उलट बाजू घेऊ. तो भाव दुसऱ्याचा वाटला असं समजू. मग प्रेक्षक त्रयस्थ झाला. रस्त्यातून जाताना एखादं जोडपं प्रेमात रमलेलं दिसलं तर आपल्याला काय वाटतं? संकोच वाटतो, क्वचित हेवा वाटतो, कधी रागही येतो. शृंगाररसाची चव काही लागत नाही.

म्हणजे भाव ‘माझा’ असला तरी रस बिघडतो आणि ‘त्याचा’ असला तरी बिघडतो. तेव्हा काव्य आणि नाट्य यांत अशी काही शक्ती असली पाहिजे, जी भावाची ही मालकीच काढून घेते. सीतेचं सीता असणं, अमुक काळ, अमुक गाव हे सगळं बाजूला सरतं आणि उरते नुसती प्रीती किंवा नुसता शोक. या क्रियेला नाव मिळालं साधारणीकरण. भट्ट नायकाने त्यासाठी शब्दाला अर्थ सांगण्यापलीकडच्या दोन जादा शक्ती बहाल केल्या: एक भाव सर्वसाधारण करणारी, दुसरी त्याचा भोग घडवणारी. अभिनवगुप्ताने साधारणीकरण उचललं आणि या जादा शक्ती नाकारल्या. सूचित अर्थ, म्हणजे आनंदवर्धनाची व्यंजना, एवढ्यावरच काम भागतं, असं त्याचं म्हणणं.

आता पुन्हा त्या हरणाकडे जाऊ.

श्लोक कानावर पडला की आधी त्याचा साधा अर्थ कळतो. त्यानंतर, अभिनवगुप्त म्हणतो, मनात एक प्रत्यक्ष पाहिल्यासारखं ज्ञान उगवतं आणि त्यात वाक्यातला काळ, ठिकाण वगैरे गळून पडलेलं असतं. हे हरीण कुठलं विशिष्ट हरीण नाही. त्याला नाव नाही, कळप नाही. त्याला भिववणारा राजाही इथे खराखुरा नाही. भिणारा कोण हे ठरत नाही, भिववणारा खरा नाही. मग शिल्लक काय राहतं? भय, नुसतं भय, स्थळकाळाचा शिक्का नसलेलं.

व्यवहारातली भीती अशी कधीच नसते. तिथे मी घाबरलेला असतो, किंवा माझा शत्रू, किंवा मित्र, किंवा कुणी तिऱ्हाईत. मी घाबरलो तर पळायचं सुचतं. शत्रू घाबरला तर बरं वाटतं, मित्र घाबरला तर धावून जावंसं वाटतं, तिऱ्हाइताचं काय, पाहिलं न पाहिल्यासारखं. प्रत्येक वेळी भीतीच्या पाठोपाठ एखादं काम उभं राहतं आणि मन तिकडे पळतं. श्लोकातल्या भयाला असं कामच चिकटलेलं नाही. त्यामुळे मन तिथेच थांबतं, त्या भयाला सगळ्या बाजूंनी चघळत राहतं. ‘चर्वणा’ हा अभिनवगुप्ताचा आवडता शब्द याच अर्थाचा. चर्वणा चालू आहे तोवरच रस आहे. ती थांबली की नंतर बरोबर घरी नेण्यासारखं काही उरत नाही.

याच ठिकाणी त्याने एक वाक्य घातलंय, ज्यावर सगळा डोलारा उभा आहे. अशा वेळी प्रेक्षकाचं ‘मी’पण पुरतं झाकलेलंही नसतं आणि ठळकपणे वरही आलेलं नसतं. आपण स्वतःला पार विसरलो तर चव घ्यायला कुणी राहणार नाही. स्वतःची आठवण लख्ख असेल तर भीती पुन्हा ‘माझी’ होईल. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतः राहूनही परक्याच्या भूमिकेत शिरतो, या दुहेरीपणातून आनंद होतो, असा तिचा आशय. ती अभिनवगुप्ताच्या शेजारून जाते, पण तिथे पोचत नाही. केळकरांचा वाचक दोन माणसं होऊ पाहतो. अभिनवगुप्ताचा प्रेक्षक त्या घडीपुरता कुणी एक विशिष्ट माणूस असणंच थांबवतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. भाव ‘माझा’ राहिला नाही, म्हणजे तो शेजारच्या खुर्चीतल्याचाही तोच झाला. भय, शोक, रती यांचे संस्कार, त्याच्या भाषेत वासना, प्रत्येकाच्या मनात जन्मापासून असतात; म्हणून प्रयोगात सगळ्यांचं संवेदन एकजीव होतं आणि त्या एकजीवपणानेच रस आणखी पोसला जातो. रिकाम्या नाट्यगृहात प्रयोग का पडतो, याचं मला माहीत असलेलं सर्वांत जुनं उत्तर हेच.

एवढं सांगून तो थांबला असता तर ही नुसती तत्त्वचर्चा राहिली असती. पण अभिनवगुप्त विचारतो: ही चव बिघडते कशाने? त्याने सात विघ्नं सांगितली आहेत आणि प्रत्येकावरचा उतारा नाटकाच्या नेहमीच्या सरंजामातून काढून दाखवलाय. माझ्या मते अख्ख्या रसचर्चेतला हा सर्वांत उपयोगी भाग आहे आणि शाळा-कॉलेजांत नेमका हाच वगळतात. मुलांकडून आठ रसांची आणि तेहतीस भावांची यादी तेवढी पाठ करून घेतात.

काही विघ्नं चटकन समजतात. गोष्टच मुळी संभवनीय वाटली नाही तर मन तिच्यात शिरत नाही. म्हणून अचाट पराक्रम राम-हनुमंतांसारख्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या पात्रांच्या नावावर टाकायचे. भाव अंधूक राहिला तर शब्दांच्या जोडीला अभिनय हवा. दुय्यम भावच डोक्यावर बसला तर मुख्य भाव हरवतो. संशयाचं विघ्नही मजेदार आहे. डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाने, आनंदाने की डोळे आल्यामुळे? वाघ समोर आला. पाहणाऱ्याला भीती वाटेल की त्वेष चढेल? एकटा अश्रू किंवा एकटा वाघ काहीच ठरवू शकत नाही. मुलगा गेलेला आहे, डोळ्यांत पाणी आहे आणि चेहऱ्यावर चिंता आहे, असे तिन्ही धागे एकत्र आले की शोकाबद्दल शंका राहत नाही. भरताच्या सूत्रातल्या ‘संयोगा’चं काम हे असं अगदी रोखठोक आहे.

पण खरं लक्ष द्यायचं ते दोन विघ्नांकडे. पहिलं म्हणजे रंगमंचावरच्या सुखदुःखावर ‘माझं’ किंवा ‘त्याचं’ अशी चिठ्ठी चिकटणं. यावरचा उतारा नाटक सुरू होण्याआधीच सुरू होतो: पूर्वरंग, नांदी, मग सूत्रधार आणि नटी यांची प्रस्तावना. प्रेक्षकाला आधी नट नट म्हणून दाखवायचा आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत वेषाने, मुकुटाने, वेगळ्या भाषेने तो झाकून टाकायचा. नट अमुक गावचा अमुक, ही जाणीव मुकुटामुळे दबते. तो खरोखर राम आहे हेही बुद्धीला पटत नाही, कारण नट आत्ताच पाहिलेला असतो. नटाचा स्थळकाळ आणि रामाचा स्थळकाळ एकमेकांना खोडतात. दोन्ही पुसले गेले की मधे उरतो तो मालक नसलेला भाव.

‘शाकुंतल’च्या प्रस्तावनेत कालिदासाने हे किती सफाईने केलंय पाहा. सूत्रधाराच्या सांगण्यावरून नटी ग्रीष्म ऋतूचं गाणं म्हणते. सगळा रंग तल्लीन होतो आणि सूत्रधार स्वतःच विसरतो, की आज कुठलं नाटक करायचंय. नटी आठवण करून देते. त्यावर तो कबुली देतो, की हरणाने राजा दुष्यंताला ओढून न्यावं तसं तुझ्या गाण्याने मला नेलं. पुढच्याच क्षणी हरीण आणि दुष्यंत येतात. म्हणजे हरणाचा श्लोक कानी पडायच्या आधीच प्रेक्षकाची स्वतःवरची पकड गाण्याने सैल करून ठेवलेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा प्रवाह तिथून वाहू लागला. नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश ही पुढे मराठी नाटकाची रीतच होऊन बसली. पुढच्या पिढीने ती निव्वळ उपचार म्हणून टाकून दिली. पण तिच्यामागे एक ठरीव काम होतं.

दुसरं विघ्न म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. घरी आजारी माणूस ठेवून आलेला, किंवा आज बढती मिळाल्याच्या आनंदात तरंगणारा. दोघांचंही मन समोर लागत नाही. यावर अभिनवगुप्ताने सुचवलेले उपाय आहेत गाणं, वाद्यं, नृत्य, सजवलेला मंडप. अरसिकालाही त्याने निर्मळ होऊन सहृदय होता येतं, असं तो म्हणतो. या निकषावर ‘नाटकात इतकी पदं कशाला’ हा जुना आक्षेप पुन्हा तपासावा लागतो. पद प्रेक्षकाला त्याच्या घरच्या काळजीतून उचलून आणत असेल तर ते रसाच्या बाजूचं. पण वन्समोअरवर वन्समोअर घेत गवई पात्राला गिळून टाकतो तेव्हा उपायच विघ्न होतो: दुय्यम गोष्ट प्रधान होते, आणि रंगमंचावर पुन्हा अमुक एक गायक उभा राहतो.

पहिल्या विघ्नाचा मराठीतला ठळक दाखला ‘घाशीराम कोतवाल’ हा आहे. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणलं. माणसांचाच पडदा, गाणी, नाच, खेळे, सूत्रधार अशी साधारणीकरणाला लागणारी सगळी सामग्री जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात होती. तरीही प्रेक्षकांतल्या एका मोठ्या गटाला रंगमंचावर सत्ता आणि क्रौर्य दिसलंच नाही. त्यांना दिसले नाना फडणवीस, पुणं आणि आपली जात. हे ऐतिहासिक नाटक नाही, ही तेंडुलकरांची भूमिका त्यांच्या गळी उतरली नाही. गदारोळात संस्थेने प्रयोग थांबवले आणि पुढे थिएटर अकॅडमीने नाटक चालू ठेवलं. अभिनवगुप्ताच्या चौकटीत पाहिलं तर रागावलेले प्रेक्षक अडाणी ठरत नाहीत. ज्या नावाला अजून ‘आपला’ म्हणणारे लोक जिवंत आहेत, त्या नावावरची चिठ्ठी सोलून काढायला रंगमंचाला जास्त बळ लागतं, एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्राबाहेर आणि परदेशात, जिथे नाना कोण हे ठाऊकच नव्हतं, तिथे हे विघ्न आपोआप उरलं नाही.

मात्र याच चौकटीची एक गैरसोयही इथे दिसते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काही नाटकांना प्रेक्षकाने उठून काहीतरी करावं असंच वाटत असतं. भाव चाखून त्याने शांतपणे घरी जावं, हे त्या नाटककाराला नको असतं. दलित रंगभूमीला किंवा पथनाट्याला ‘हे दुःख कुणाचंच नाही’ म्हटलेलं चालणार नाही. ते अमक्याचं आहे, हे सांगण्यासाठीच तो प्रयोग असतो. अशा नाटकाला अभिनवगुप्ताचं माप लावलं तर ते जिथे यशस्वी होतं तिथेच अपयशी ठरेल. त्याचा सिद्धांत सगळ्या नाटकांचा नाही, एका प्रकारच्या अनुभवाचा आहे.

नटाचं काय? रस चाखणारा प्रेक्षक. नट हे चव पोचवण्याचं साधन, असं अभिनवगुप्ताचं स्पष्ट मत आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही घटना आपल्याकडे त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. रसाच्या दृष्टीने तिच्यात वेगळंच काहीतरी दिसतं. नटाच्या मनात त्या वेळी खराखुरा शोक होता आणि प्रेक्षकाला मिळाला तो शृंगार आणि हास. रस नटाच्या मनातून ओतला जात असता तर हे घडलंच नसतं. तो शब्द, सूर आणि अभिनय यांच्या जुळणीतून, पाहणाऱ्याच्या मनात तयार होतो.

हा सगळा युक्तिवाद सर्वांनी मान्य केला असंही नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचे दोन जैन शिष्य, रामचंद्र आणि गुणचंद्र, यांनी ‘नाट्यदर्पण’ लिहिला आणि सर्वच रस आनंदमय असतात हे मत साफ फेटाळलं. शृंगार, हास्य, वीर वगैरे सुखाचे. पण करुण, रौद्र, बीभत्स, भयानक हे दुःखाचेच. सीतेचं हरण किंवा द्रौपदीची विटंबना पाहताना प्रेक्षक कळवळतो, ते काही खोटं नसतं. मग लोक जातात कशाला? तर कवीच्या आणि नटाच्या कौशल्याने दिपून. दुःख दुःखच राहतं, आनंद होतो तो कारागिरीचा. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त दुसऱ्या बाजूने बोलताना रसिकांच्या अनुभवाचीच साक्ष काढली: करुणात दुःख असतं तर तिकडे कुणी फिरकलंच नसतं.

‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं १९१९ मध्ये, आणि त्यातल्या सिंधूसाठी मराठी प्रेक्षक पुढे कित्येक वर्षं रडत राहिला. त्यांतले बरेच जण रडून झाल्यावर गंधर्वांच्या आवाजाबद्दल बोलत बाहेर पडत असणार. ही साक्ष ‘नाट्यदर्पण’च्या बाजूने जाते. पण ज्या बाईच्या घरी खरोखरच सुधाकर होता, ती त्या प्रेक्षागृहात बसली असेल तर तिला शेजारणीपेक्षा जास्त रस मिळाला का? ‘नाट्यदर्पण’प्रमाणे दुःख हे दुःखच असेल, तर दोघींतला फरक फक्त कमी-जास्त वेदनेचा. अभिनवगुप्ताप्रमाणे तो फरक जातीचाच आहे. शेजारीण शोक चाखते आहे आणि या बाईला मात्र उद्याच्या घरखर्चाची आठवण झाली आहे.